रविवारचा एक्सपोर्ट आणि शनिवारचा मेंटेनन्स: डेस्कला काय आणि कसं लिहायचं

प्रश्न: मी पुण्यात स्पेअर पार्ट्सच्या स्टॉक टीमची लीड आहे. आमचा स्टॉकचा एक्सपोर्ट शनिवार-रविवारच्या मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता सुरू होतो आणि सहा वाजता डीलर पोर्टल ती फाइल उचलतं; फाइलमध्ये नसलेला पार्ट ते ‘स्टॉक शून्य’ धरतं. दुसऱ्या शिफ्टचं पोस्टिंग साडेबारापर्यंत चालतं, म्हणून एक्सपोर्ट आधी सुरू करता येत नाही. एप्रिलपासून रविवारी तो मध्येच तुटतो. मेंटेनन्समुळे होतंय असा संशय आहे. आयटी डेस्कला पाच वेळा लिहिलं, दर वेळी ‘रीरन केला, ओके’ म्हणून तिकीट बंद होतं. शेवटचं उत्तर आलं, ‘रविवारी आमचा मेंटेनन्स नसतोच.’ डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर जर्मनीत. एक्सपोर्टला गेल्या वर्षी चाळीस मिनिटं लागायची, आता सत्तर लागतात. तेव्हा उन्हाळ्यातही कधी तुटला नव्हता. आता असा मेसेज कसा लिहू की यावर खरंच काही होईल? चार रविवारचे लॉग, आमची स्क्रिप्ट, मेंटेनन्सची सूचना आणि तो एकदा पुढे ढकलल्याची मेल जोडली आहे.

उत्तर:

डेस्कचं शेवटचं उत्तर खोटं नाही आणि तुमचा संशयही चुकीचा नाही. त्यांच्याकडे रविवारी मेंटेनन्स नसतो, शनिवारी असतो. तुम्ही जोडलेल्या सूचनेत वेळ स्पष्ट आहे: दर शनिवारी रात्री २२:०० ते २४:००, जर्मनीची वेळ. तुम्ही तिकिटात लिहिता ‘रविवार, ६ जुलै, पहाटे दीड’. डेस्कवरचा मुलगा सर्व्हरच्या लॉगमध्ये ६ जुलै उघडतो. तिथे काहीच नसतं, कारण ती ओळ ५ जुलैच्या पानावर आहे. मी अकरा वर्षं डेस्कच्या बाजूला बसलोय आणि ही चूक मी स्वतः केली आहे. समोर चाळीस तिकिटं असतात, सांगितलेल्या तारखेला लॉग कोरा दिसतो, रीरन केला की काम होतं. मग माणूस तिकीट बंद करतो.

म्हणून मेसेज लिहायच्या आधी वेळेचा हिशोब हातात घ्या. भारताची वेळ वर्षभर यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. जर्मनीची हिवाळ्यात एक तास पुढे आणि उन्हाळ्यात दोन तास पुढे. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे आपल्याला वाटतं की काहीच बदललेलं नाही. तुमच्या मशीनवर हे एका मिनिटात दिसेल:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="Europe/Berlin" 2025-01-11 22:00'
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="Europe/Berlin" 2025-07-05 22:00'
```

पहिल्या ओळीचं उत्तर येतं १२ जानेवारी, पहाटे २:३०. दुसरीचं ६ जुलै, पहाटे १:३०. दोन्ही ‘शनिवार रात्री दहा’च. पण तुमच्या बाजूने पाहिलं तर उन्हाळ्यात ही विंडो तासभर आधी उघडते.

आता तुमचा एक्सपोर्ट त्यावर ठेवून बघा. सुरुवात १२:४५. सत्तर मिनिटं लागली तर शेवट १:५५. हिवाळ्यात विंडो २:३० ला उघडते, म्हणजे पस्तीस मिनिटं मोकळी. उन्हाळ्यात ती १:३० ला उघडते आणि तुमचं काम तेव्हा पंचेचाळीस मिनिटांवर असतं. गेल्या उन्हाळ्यात चाळीस मिनिटांत, १:२५ ला, तो संपत होता. पाच मिनिटांनी वाचत होता आणि कोणाला कळतही नव्हतं. म्हणजे दोन कारणं एकत्र आली आहेत: त्यांचं घड्याळ आणि तुमचा वाढलेला डेटा. मेसेजमध्ये दुसरं कारण तुम्ही स्वतः आधी सांगा. ते लपवलं आणि पलीकडच्या कोणी लॉगमधून काढलं, तर उरलेल्या मेसेजवरचा त्याचा विश्वास जातो.

तारखांबद्दल एक बारकावा. २०२५ मध्ये जर्मनीची घड्याळं ३० मार्चला पुढे गेली. ती रविवारी पहाटे बदलतात, त्यामुळे शनिवार २९ मार्चचा मेंटेनन्स जुन्याच वेळेने झाला. पहिली धडक रविवार ६ एप्रिलची असणार. तुमचं पहिलं तिकीट त्याच आठवड्यातलं निघालं तर तो भक्कम दुवा आहे. जरूर बघा.

पुरावा म्हणून मला तुमच्या चार रविवारच्या लॉगमधली एकच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तुटलेल्या तिन्ही रविवारी एक्सपोर्ट १:३० वाजून तीन ते पाच सेकंदांनी मेला, पण तोवर लिहिलेल्या ओळी दर वेळी वेगळ्या आहेत. दोष तुमच्या क्वेरीत किंवा एखाद्या खराब रेकॉर्डमध्ये असता तर तो दर वेळी त्याच ओळीपाशी अडला असता. टाइमआउट असता तर सुरुवातीपासून ठरावीक मिनिटांनी तुटला असता. पंचेचाळीस मिनिटांचा टाइमआउटही नेमका १:३० लाच लागेल, म्हणून ही शंका कोणीतरी काढणारच. तिला उत्तर २९ जूनच्या रविवारी आहे: त्या आठवड्यात मेंटेनन्स पुढे ढकलल्याची मेल आली होती आणि एक्सपोर्ट १:५४ ला पूर्ण झाला. स्क्रिप्ट तीच, क्वेरी तीच, फक्त मेंटेनन्स नव्हता. याहून स्वच्छ प्रयोग ठरवूनही करता आला नसता.

तुमच्या बाजूला दिसणारा `server closed the connection unexpectedly` हा संदेश मात्र दिशाभूल करतो. त्याच्या पुढच्या ओळीत सर्व्हर ‘ॲबनॉर्मली’ बंद झाला असावा असं येतं, आणि वाचणारा नेटवर्कच्या मागे लागतो. डेस्कला हा संदेश पाठवून थांबू नका. त्यांच्या लॉगमध्ये कोणत्या ओळी शोधायच्या ते सांगा. पोस्टग्रेस ‘फास्ट’ पद्धतीने बंद केला की त्यात साधारण असं दिसतं:

```
2025-07-05 22:00:04 CEST LOG:  received fast shutdown request
2025-07-05 22:00:04 CEST FATAL:  terminating connection due to administrator command
```

या दोन ओळी सापडल्या की वाद उरत नाही. सर्व्हर कोसळलेला नाही, कोणीतरी आज्ञा देऊन बंद केलाय आणि चालू जोडण्या तोडल्यात. त्या सापडल्याच नाहीत, तर मात्र थांबा. मग मेंटेनन्समध्ये डेटाबेसऐवजी फायरवॉल किंवा मधला एखादा सर्व्हर रीस्टार्ट होत असेल. तसं असेल तर मागणी दुसऱ्या टीमकडे करावी लागेल.

मेसेज जाण्याआधी एक काम तुमच्याच बाजूचं आहे, आणि मला त्याची त्या तुटण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. तुमची स्क्रिप्ट थेट `stock.csv` या नावानेच लिहिते. १:३० ला ती मेली की सुमारे पासष्ट टक्के फाइल तिथे पडून राहते, शीर्षकाच्या ओळीसकट, दिसायला अगदी धडधाकट. पोर्टल सहाला ती उचलतं आणि तुम्ही लिहिलंय तसं, फाइलमध्ये नसलेला पार्ट ‘स्टॉक शून्य’ धरतं. म्हणजे गोडाऊनमध्ये ब्रेक पॅडचे खोके रचलेले असताना साताऱ्याच्या डीलरला ‘उपलब्ध नाही’ दिसतं आणि रीरन होईपर्यंत त्याची ऑर्डर अडकते. अर्धी फाइल जाण्यापेक्षा फाइल न गेलेली बरी. हे आजच बदला:

```
export PGAPPNAME=stock_export
F=stock_$(date +%F).csv
psql -X -v ON_ERROR_STOP=1 -f stock_export.sql > $F.part \
  && mv $F.part $F
```

काम नीट संपलं तरच `.part` जाऊन खरं नाव लागतं. नावात तारीख हवीच, नाहीतर नवी फाइल न बनल्यावर पोर्टल गेल्या आठवड्याची जुनी फाइल उचलेल, आणि तेही तितकंच वाईट. पोर्टलवाल्यांना फाइलच्या नावाचा नमुना बदलायला सांगावं लागेल, ते आधी बोलून घ्या. हे गृहीत धरतंय की `stock_export.sql` मध्ये `COPY ... TO STDOUT` आहे. तुमच्याकडे `\copy` थेट फाइलमध्ये लिहीत असेल, तर ते बदलावं लागेल. पहिल्या ओळीत कामाला जे नाव दिलंय, ते पुढे डेस्कच्या कामी येणार आहे.

आता मागणी. ‘मेंटेनन्सची वेळ बदला’ एवढंच लिहिलंत तर उत्तर ‘ग्लोबल शेड्यूल आहे, शक्य नाही’ असं येईल. तुमच्याही वेळा कुठून आल्या ते सांगावं लागेल. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या शिफ्टचं पोस्टिंग साडेबारापर्यंत चालतं, म्हणून १२:४५ च्या आधी सुरू करता येत नाही. विंडोनंतर करायचं म्हटलं, तर हिवाळ्यात ती ४:३० ला संपते. तेव्हा सुरू केलेला एक्सपोर्ट ५:४० ला संपणार आणि सहाला पोर्टल. वीस मिनिटांचा श्वास. मेंटेनन्स जरा लांबला की तोही गेला. हे वाचल्यावर ‘तुम्हीच सरका ना’ हे उत्तर त्यांना सोपेपणाने देता येणार नाही.

माझ्या मते पहिली मागणी अशी असावी: विंडो जर्मनीच्या घड्याळाला न बांधता यूटीसीला बांधा, वर्षभर २१:०० यूटीसी. हिवाळ्यात त्यांचं काहीच बदलत नाही. उन्हाळ्यात त्यांना रात्री दहाऐवजी अकराला सुरू करावं लागेल. हे तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाला तासभर जागवणं आहे, हे मोकळेपणाने मान्य करा. तुमच्याकडे ती वर्षभर २:३० ला उघडेल.

ते नाही म्हणाले तर दुसरी मागणी तयार ठेवा, आणि ती लहान आहे. डेटाबेस बंद करण्याआधी त्यांनी हे एकदा चालवावं:

```
select pid, now() - query_start
from pg_stat_activity
where application_name = 'stock_export';
```

ओळ आली तर एक्सपोर्ट चालू आहे, जास्तीत जास्त तीस मिनिटं थांबावं आणि मग बेलाशक बंद करावं. तीस मिनिटांची मर्यादा तुम्ही स्वतः घाला. ‘आमचं संपेपर्यंत थांबा’ असं कोणताही मेंटेनन्सवाला कबूल करणार नाही, आणि करूही नये, कारण एखाद्या रात्री तुमचा एक्सपोर्ट अडकून बसला तर त्यांची अख्खी विंडो वाया जाईल. ‘स्मार्ट’ पद्धतीने शटडाउन करा असंही कधी कधी सुचवलं जातं. ते मागू नका. त्यात पोस्टग्रेस सगळ्या जोडण्या आपणहून सुटेपर्यंत वाट बघतो, आणि ॲप्लिकेशनच्या पूलमधल्या जोडण्या सहसा आपणहून लवकर सुटत नाहीत.

मी लिहिला असता तो मेसेज असा. ऑफिसात इंग्रजीत लिहीत असाल तर इंग्रजीत लिहा, पण क्रम हाच ठेवा. वेळा दोन्हीकडच्या द्या, कारण पुण्याच्या डेस्कवरून तो मेंटेनन्सच्या टीमकडे तसाच पुढे जाणार आहे.

> विषय: शनिवार २२:०० (जर्मनी) मेंटेनन्समुळे स्टॉक एक्सपोर्ट तुटतो: प्रॉब्लेम रेकॉर्डची विनंती
>
> नमस्कार,
>
> शनिवारच्या मेंटेनन्समध्ये डेटाबेस बंद होतो तेव्हा आमचा स्टॉक एक्सपोर्ट चालू असतो आणि तुटतो. एप्रिलपासून हे होत आहे. आधीची पाच तिकिटं खाली जोडली आहेत. रीरनने त्या दिवसाचं काम भागतं, त्याबद्दल आभार, पण कारण तसंच राहतं. म्हणून हे नवं इन्सिडंट न धरता प्रॉब्लेम रेकॉर्ड म्हणून नोंदवावं, ही विनंती.
>
> आधीच्या तिकिटांत मी भारतीय तारीख दिली होती. जर्मनीच्या वेळेने ती आदल्या दिवशीची रात्र आहे. लॉग तिथे पाहावा.
>
> १५ जून, पहाटे १:३०:०३ (जर्मनी १४ जून, २२:००:०३): तुटला, २,६१,४०० ओळी
> २२ जून, पहाटे १:३०:०५ (जर्मनी २१ जून, २२:००:०५): तुटला, २,५८,९०० ओळी
> २९ जून: मेंटेनन्स पुढे ढकलला होता. १:५४ ला पूर्ण, ४,०२,११८ ओळी
> ६ जुलै, पहाटे १:३०:०४ (जर्मनी ५ जुलै, २२:००:०४): तुटला, २,६३,७०० ओळी
>
> सर्व्हरच्या लॉगमध्ये या वेळांना received fast shutdown request ही ओळ आहे का, हे कृपया तपासून कळवावं.
>
> जर्मनीत उन्हाळी वेळ लागल्यावर विंडो भारतीय वेळेने २:३० ऐवजी १:३० ला उघडते. आमचा एक्सपोर्टही वर्षभरात ४० मिनिटांवरून ७० मिनिटांवर गेला आहे, तो कमी करण्याचं काम आमच्याकडे सुरू आहे. शिफ्टचं पोस्टिंग १२:३० पर्यंत असल्याने तो आधी सुरू करता येत नाही, आणि पोर्टल सहाला फाइल उचलत असल्याने विंडोनंतर सुरू केला तर हिवाळ्यात जेमतेम वीस मिनिटं उरतात. अर्धी फाइल पुढे जाऊ नये याची सोय आम्ही केली आहे.
>
> विनंती: विंडो वर्षभर २१:०० यूटीसीला सुरू करावी. ते शक्य नसल्यास, बंद करण्याआधी stock_export या नावाची जोडणी चालू आहे का ते पाहून जास्तीत जास्त ३० मिनिटं थांबावं. क्वेरी सोबत आहे.
>
> यातलं काय शक्य आहे आणि निर्णय कोणाकडे आहे, हे शुक्रवारपर्यंत कळवावं. शनिवारचा मेंटेनन्स होणारच असेल तर त्या रात्री तुटलेला एक्सपोर्ट हाताने पुन्हा चालवण्यासाठी मला माणूस ठेवावा लागेल.

‘इन्सिडंट’ आणि ‘प्रॉब्लेम’ हा फरक डेस्कच्या भाषेत खरोखर मोठा आहे. इन्सिडंटचं घड्याळ सेवा पूर्ववत झाली की थांबतं, म्हणून रीरन झाल्यावर तिकीट बंद करणं त्यांच्या नियमाप्रमाणे बरोबरच ठरतं. प्रॉब्लेम रेकॉर्डला कारण लिहावं लागतं आणि त्याला एक मालक असतो. तुमची पाच तिकिटं पाच वेगळ्या माणसांनी, प्रत्येकाने आपल्यापुरती बरोबर, बंद केली आहेत. शेवटच्या परिच्छेदातला ‘निर्णय कोणाकडे आहे’ हा प्रश्नही गाळू नका. पुण्याच्या डेस्कला वेळापत्रक बदलण्याचा अधिकार नसतो, पण कोणाला आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि तसं नाव विचारलं की ते देतात.

पहिली मागणी मान्य झाली तरी हायसं वाटून थांबू नका. १२:४५ ते २:३० म्हणजे एकशे पाच मिनिटं. तुमचा एक्सपोर्ट वर्षाला तीस मिनिटांनी वाढतोय. याच गतीने पुढच्या जुलैत तो शंभरावर असेल, आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीच यूटीसीची विंडोही त्याला गाठेल. तेवढ्या वेळात दर आठवड्याला सगळ्या चार लाख ओळी काढण्याऐवजी फक्त बदललेले पार्ट पाठवता येतील का, हे पोर्टलवाल्यांशी बोलून घ्या. त्यासाठी ‘फाइलमध्ये नाही म्हणजे शून्य’ हा त्यांचा नियम आधी बदलावा लागेल, आणि त्यालाच वेळ लागतो.

अजून एक गोष्ट आत्ताच तिकिटात लिहून ठेवा. २०२५ मध्ये जर्मनीची घड्याळं २६ ऑक्टोबरला मागे जातात. त्या पहाटेची धडक शेवटची, आणि २ नोव्हेंबरचा एक्सपोर्ट काहीही न करता पूर्ण होईल. दोन-तीन आठवडे सुरळीत गेले की कोणीतरी ‘आता होत नाही’ म्हणून रेकॉर्ड बंद करायला निघेल. म्हणून तिकिटात स्पष्ट वाक्य हवं: ‘विंडोची वेळ बदलल्याशिवाय किंवा थांबण्याची पायरी रनबुकात आल्याशिवाय हे बंद करू नये, तसं न झाल्यास ५ एप्रिल २०२६ च्या रविवारी हे पुन्हा होईल.’ ती तारीख तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरातही टाका, आणि त्या आदल्या शनिवारी ड्यूटीवर कोण आहे ते आठवडाभर आधी विचारून घ्या.